एडिसनला आता तरी सोडा

आज एका कार्यक्रमाला जाऊन आले आणि डोकं उठलंय, म्हणून लिहितेय. पाहुणे वक्ते चाळीस मिनिटं बोलले. त्यात तीन वेळा "आवाज येत नाही, जोरात बोला" झालं, दोनदा आम्हाला उभं करून घोषणा द्यायला लावल्या आणि एडिसन आलाच. दिवा करताना तो हजार वेळा हरला म्हणे. गेल्या वेळी दुसऱ्या एका वक्त्याकडे तो दहा हजार वेळा हरला होता. मुळात १९१० साली आलेल्या त्याच्या चरित्रात जो किस्सा आहे तो दिव्याचा नाहीच, बॅटरीच्या प्रयोगांचा आहे. तिथे तो एका सहकाऱ्याला म्हणतो की कित्येक हजार गोष्टी चालत नाहीत एवढं मला कळलंय. पण तपासायला वेळ कोणाला आहे, पोस्टर छान दिसतं ना!

आणि या सगळ्याच्या मध्ये तो माणूस एकच वाक्य स्वतःचं बोलला. "माझ्या वडिलांचं दुकान बंद पडलं." मी सरसावून बसले. तेवढ्यात पुढचा सुविचार आला.

मला हसायचा हक्क नाही खरं तर, कारण सहा वर्षांपूर्वी मीही असलंच भाषण लिहिलं होतं. ऑफिसात नवीन बॅच आली होती आणि 'अपयशातून शिकणं' या विषयावर बारा मिनिटं बोल म्हणून मला सांगितलं होतं. मी दीड हजार शब्द टाइप केले, सहा पानं, त्यात चौदा सुविचार. गांधीजींचं 'जगात जो बदल हवा तो आधी स्वतः बना' पण होतं, जे या शब्दांत त्यांनी म्हटल्याची नोंद सापडत नाही हे मला नंतर कळलं. दोन ठिकाणी तर कंसात लिहिलं होतं, (टाळ्यांसाठी थांबणे). हसा.

ताईला वाचायला दिलं. ताई आयुष्यभर पेपर तपासत आली, तिच्या हातात कागद गेला की पेन्सिल आपोआप येते. तिने एकच नियम लावला. जे वाक्य त्या स्टेजवर दुसरं कोणीही उभं राहून म्हणू शकेल ते कापायचं. 'संकटं ही संधी असतात', गेलं. 'पडणं नाही, पडून राहणं वाईट', गेलं. सहा पानांत चार वाक्यं उरली, त्यातलं एक माझं नाव होतं आणि एक "नमस्कार". तिसऱ्यात मी कुठल्या डिपार्टमेंटला आहे ते. चौथं होतं, 'मीही पगाराच्या कामात मोठी चूक केली, पण हार मानली नाही.'

ताईने 'पण'च्या पुढचंही खोडलं आणि विचारलं, "कुठली चूक?"

मी गप्प. कारण ती चूक मी घरीही नीट सांगितली नव्हती.

झालं असं होतं की पगाराची शीट माझ्याकडे होती, त्रेचाळीस जण. मोठे आकडे एकदा नजरेखालून घालावेत म्हणून मी फक्त रकमेचा कॉलम सिलेक्ट करून सॉर्ट मारला. एक्सेल अशा वेळी बॉक्स दाखवून विचारतं, शेजारचे कॉलम पण सोबत हलवू का. मी घाईत खालचं Continue with the current selection निवडलं. रकमा हलल्या, नावं आणि अकाउंट नंबर जागच्या जागी राहिले. आणि बेरीज? बेरीज रुपयाला रुपया जुळत होती, कारण आकडे तेच होते, फक्त माणसं बदलली होती. वरच्यांनी बेरीज बघून सही केली, फाइल गेली. रात्री पावणेअकराला एकाचा मेसेज आला, "मॅडम, मला जास्त आलेत का?" मी लॅपटॉप उघडला, पाहिलं, आणि बंद करून झोपायला गेले. सकाळपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

ताई म्हणाली, "हे बोल."

तुम्हाला वाटेल हे कळलं की संपलं. छे! मी नवीन लिहिलं ते वेगळ्या पद्धतीने खोटं होतं. 'शेकडो लोकांचे पगार' लिहिलं. ताई, "किती?" त्रेचाळीस. "मग त्रेचाळीस लिही ना." 'माझ्या डोळ्यांत पाणी आलं' लिहिलं. ताई, "आलं होतं?" नाही, पोटात गोळा आला होता आणि झोप लागली नव्हती. "मग तेच लिही." मग मी दुसऱ्या टोकाला गेले, मी किती वाईट, किती निष्काळजी, पानभर. तर ती म्हणे, हे पण 'माझ्याकडे बघा'च आहे की! त्या पानाच्या जागी एका सहकाऱ्याबद्दल दोन वाक्यं आली. त्याला कमी पैसे आले होते आणि त्या महिन्यात त्याचा हप्ता बाउन्स झाला. त्याच्याशी बोलायला मी तीन दिवस घेतले.

हे लिहिताना आत्ताही बरं वाटत नाहीये.

हजार शब्द उरले. शांतपणे, मध्ये थांबत बोललं की मिनिटाला सव्वाशेच्या आसपास शब्द होतात, म्हणजे आठ मिनिटं. उरलेली चार मिनिटं भरायचा मोह मला झालाच, 'या अनुभवाने मला शिकवलं की' वगैरे. ताईने ते पण कापलं, म्हणे जे शिकलीस ते आता काय करतेस त्यात दिसू दे. म्हणून शेवट असा केला की आजही फाइल पाठवण्याआधी मी कुठलीही तीन नावं काढते आणि मागच्या महिन्याच्या स्लिपशी ताडून बघते, बेरजेवर विश्वास ठेवत नाही. एवढं बोलून खाली बसायचं.

बसले. टाळ्या बेताच्याच, थोड्या उशिरानेच, कारण संपलंय हे लोकांना कळलंच नाही. मग पहिला प्रश्न आला, "मॅडम, तो बॉक्स आला की नक्की कुठलं निवडायचं?" वरचं, Expand the selection. निम्म्या जणांनी लिहून घेतलं. चौदा सुविचारांपैकी एक तरी कोणी लिहून घेतला असता का?

ठीक आहे, मॅचच्या आधी पोरांना घोषणा लागतात, मान्य. आणि आजच्या वक्त्याला टाळ्या माझ्यापेक्षा दहापट पडल्या हेही मान्य, खोटं कशाला बोलू.

मघाशी रागाने सुरुवात केली होती, आता त्या माणसाबद्दल जरा वाईटच वाटतंय. त्याच्या वाटेत बहुतेक पेन्सिलवाली ताई कोणी आली नाही. चाळीस मिनिटांत ते एक वाक्य बोलताना तेवढा त्याचा आवाज खाली आला होता, माइकपासून जरा लांब गेला होता तो. दुकान कसलं होतं, शेवटचं शटर कोणी ओढलं, त्या रात्री घरी कोण काय बोललं, हे त्याने सांगितलं असतं तर मी अजून तासभर बसले असते. माझ्या शेजारच्या बाई पण तेवढ्यापुरत्या मोबाइलमधून मान वर काढून बघत होत्या.