‘थीटाचा पगार’ म्हणे!

“93 टक्के लोक ऑप्शन विकत घेऊन बुडतात, म्हणून आपण विकायचं. कॉल-पुट दोन्ही विकले की डेल्टा शून्य, मग बाजार वर जाऊ दे नाहीतर खाली, आपल्याला फरक नाही. थीटा रोज पगारासारखा जमा होतो, एक्सपायरीच्या आदल्या दिवशी तर दुप्पट-तिप्पट. गॅमा-वेगा पुस्तकातल्या गोष्टी, त्यात पडू नका. हेज घेणं म्हणजे पगारातून कापून देणं.”

हा मेसेज कोल्हापुरात उद्यमनगरापासून गुजरीपर्यंत सगळ्यांच्या मोबाईलवर फिरत होता तोवर मी गप्प होतो. परवा तो भाच्याकडून आला, खाली एक ओळ जोडून: “मामा, बाबांची एफडी मोडून सुरू करू काय?” आता गप्प बसता येत नाही.

93 टक्क्यांचं आधी उरकतो. आकडा खरा आहे. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये तो जाहीर केला. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत इक्विटी एफ अँड ओ, म्हणजे फ्युचर-ऑप्शन, करणाऱ्या दर 100 व्यक्तींपैकी 93 जण तोट्यात गेले आणि एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर होता. पण हे 93 जण ‘विकत घेणारे’ आहेत असं त्यात कुठेही नाही. ते सगळे वैयक्तिक ट्रेडर आहेत, घेणारे आणि विकणारेही. कमावलं कोणी, हेही त्याच अहवालात आहे: स्वतःच्या पैशाने ट्रेड करणारे प्रोप्रायटरी डेस्क आणि परदेशी गुंतवणूकदार, आणि त्यांचा जवळजवळ सगळा नफा अल्गोंमधून, म्हणजे संगणकाने आपोआप केलेल्या ट्रेडमधून आला. म्हणजे समोरच्या बाजूला बसलेली मशीन क्षणाक्षणाला गॅमा-वेगा मोजते, आणि हा मेसेज तुम्हाला सांगतो की त्यात पडू नका.

आता पगाराचं. सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने होतं, म्हणून इथे थोडं थांबतो.

कॉल घेणारा बाजार चढला की कमावतो, पुट घेणारा बाजार पडला की, आणि विकणाऱ्याला त्याबद्दल आधी प्रीमियम मिळतो. निफ्टी 25,000 वर आहे, आयव्ही, म्हणजे ऑप्शनच्या भावात धरलेली वर्षाची अपेक्षित हालचाल, 12 टक्के आहे, लॉट 65 चा आहे असं धरू. एक्सपायरीला सात दिवस आहेत आणि 25,000 चे कॉल-पुट दोन्ही विकले. ब्लॅक-शोल्सच्या सूत्राने (व्याज शून्य धरून, आकडे गोल करून) या स्ट्रॅडलचे साधारण 331 पॉइंट मिळतात आणि पहिल्या दिवसाचा थीटा, म्हणजे एक दिवस सरल्याने ऑप्शनची झिजणारी किंमत, येतो सुमारे 24 पॉइंट. लॉटमागे दीड हजार रुपये. मेसेजवाल्याचा ‘पगार’ हाच.

पण त्याच स्क्रीनवर शेजारच्या रकान्यात गॅमा आहे, दोन्ही पायांचा मिळून 0.00192. डेल्टा सांगतो की निफ्टी एक पॉइंट हलला तर ऑप्शन किती हलेल. गॅमा सांगतो की तो डेल्टाच किती बदलेल. ऑप्शन विकणाऱ्याच्या बाबतीत हा बदल नेहमी उलट्या बाजूने होतो. बाजार वर गेला की त्याची पोझिशन आपोआप मंदीची होते, आणि खाली गेला की तेजीची. याचं नुकसान हालचालीच्या वर्गाने वाढतं:

तोटा ≈ ½ × गॅमा × (हालचाल)²

आता 157 पॉइंटांची हालचाल घालून पाहा. 0.00192 चं अर्धं गुणिले 157 चा वर्ग, म्हणजे सुमारे 24 पॉइंट. दिवसाचा थीटा जेवढा होता बरोबर तेवढाच. 157 हा आकडा मी कुठून उचलून आणलेला नाही. 12 टक्के आयव्हीचा अर्थच तो आहे: 25,000 चे 12 टक्के म्हणजे 3,000, भागिले 365 चं वर्गमूळ. थीटा आणि गॅमा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. बाजार दिवसाला 157 पॉइंट हलेल एवढी जोखीम तुम्ही अंगावर घेता, आणि त्या जोखमीचं भाडं म्हणजे थीटा. बाजार कमी हलला तर भाडं तुमचं, जास्त हलला तर खिशातून भरायचं. पंचगंगेच्या काठच्या दुकानांचा पुराचा विमा उतरवून उन्हाळाभर हप्ते गोळा करणारा माणूस ‘मला पगार चालू आहे’ म्हणेल, तसलाच हा प्रकार. राजाराम बंधाऱ्यावर पाणी धोक्याच्या 43 फुटांवर गेलं की पगार कसला होता ते कळतं.

मग ‘आदल्या दिवशी दुप्पट-तिप्पट’? थीटा वाढतो हे खरं. तीच पोझिशन एक दिवस उरलेला असताना विकली तर प्रीमियम 125 पॉइंट आणि त्या क्षणाचा थीटा दिवसाला सुमारे 63 पॉइंटांच्या दराने दिसतो. सात दिवस उरले होते तेव्हापेक्षा अडीच पटीहून जास्त. पण गॅमाही 0.0019 वरून 0.0051 झालेला असतो, तोही तेवढ्याच पटीने. वरच्या सूत्रात हे आकडे घाला, बरोबरीची हालचाल पुन्हा 157 च येते. बोनस कसलाही नाही. भाडं वाढलं कारण जोखीम तेवढीच वाढली.

डेल्टा शून्यवाल्या वाक्याला उत्तर देताना माझा संयम सुटतो. डेल्टा शून्य असतो तो विकल्याच्या क्षणी, त्या भावाला. वरचीच एक दिवसाची पोझिशन घ्या. विकल्यावर तासाभरात निफ्टी 150 पॉइंट वर गेला. 125 ला विकलेला स्ट्रॅडल आता साधारण 178 चा झाला, म्हणजे लॉटमागे 3,445 रुपये लाल. आणि डेल्टा? एका लॉटला उणे 43. सकाळी तुमचं कुठल्याच बाजूला मत नव्हतं, आणि आता न विचारता तुम्ही 43 निफ्टी विकून बसला आहात.

मेसेजवाल्याच्या पंथातले लोक यावर ‘ॲडजस्टमेंट’ सांगतात. करून बघू. एकच लॉट असेल तर उणे 43 भरून काढायला फ्युचर घ्यावं लागेल, पण फ्युचरचा लॉटही 65 चाच. घेतलं की अधिक 22. म्हणजे एक लॉटवाल्याला फ्युचरने डेल्टा नीट शून्य करताच येत नाही. दहा लॉट असले तर डेल्टा उणे 430, त्याला सात फ्युचर, म्हणजे 455 क्वांटिटी, 25,150 ला घेतली. निफ्टी परत फिरून 25,000 ला आला. फ्युचर काढली, 150 पॉइंट गेले, 68,250 रुपये. निफ्टी एक्सपायरीला अगदी 25,000 वर बंद झाला असं धरलं, म्हणजे विकणाऱ्याचं स्वप्नच, तरी दहा लॉटचा पूर्ण प्रीमियम 81,250. हातात उरले 13,000, ब्रोकरेज आणि कर वेगळे. बाजार जिथे होता तिथेच आला आणि पैसे मात्र गेले. वर घ्या, खाली विका, हेच गॅमाचं बिल असतं. फ्युचर घेतलीच नसती तर इथे वाचला असता, पण निफ्टी परत फिरेल हे 25,150 ला कोणाला माहीत असतं?

आणि एकदा भाव लांब गेला की गॅमाचं सूत्रही पुरत नाही, कारण गॅमा स्वतःच बदलतो. 250 पॉइंटांच्या झटक्याला ते सूत्र 159 पॉइंट तोटा दाखवतं, प्रत्यक्ष किंमत काढली तर 132 येतो. म्हणून मोठ्या हालचालीचा अंदाज डेल्टा-गॅमासारख्या ग्रीक्सवरून बांधायचा नाही. नव्या भावाला पूर्ण पोझिशनची किंमत परत काढायची. ब्रोकरच्या पेऑफ चार्टमध्ये तारीख आणि भाव बदलता येतो, तो त्यासाठीच असतो. ग्रीक्स बहुतेक ठिकाणी एका युनिटचे आणि विकत घेणाऱ्याच्या चिन्हाने दिसतात. विकलं असेल तर चिन्ह उलटवा आणि क्वांटिटीने गुणा, मग रुपये दिसतील.

वेगा म्हणजे आयव्ही एक टक्का हलली की ऑप्शनची किंमत किती हलते ते. त्याबद्दल मेसेजमधलं अर्धं खरं आहे, कबूल. एक दिवस उरला असताना आयव्ही एक टक्का वाढली तर या स्ट्रॅडलला साधारण 10 पॉइंट लागतात, ते गॅमापुढे कमीच. पण सात दिवस आधी तोच फटका 28 पॉइंटांचा असतो. दिवसाचा थीटा 24. म्हणजे निफ्टी जागचा हलला नाही आणि आयव्ही फक्त 12 वरून 16 झाली, तरी 112 पॉइंट गेले आणि 24 आले. एका लॉटला साडेपाच हजारांच्या वर तोटा, तोही ‘बाजार गेला कुठेच नाही’ अशा दिवशी. बजेट, निवडणूक, रिझर्व्ह बँकेचं धोरण जवळ आलं की असं होतं.

निकालाच्या दिवशी, 4 जून 2024 ला, डेल्टा, गॅमा, वेगा सगळे एकत्र आले. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी 23,263.90 ला बंद झाला होता. निकालाच्या दिवशी 21,884.50. एका दिवसात 1,379 पॉइंट, आणि इंडिया व्हिक्स, म्हणजे निफ्टीच्या आयव्हीचा निर्देशांक, दिवसभरात 30 च्या पार. आदल्या दिवशी संध्याकाळी हेज न घेता उघडा स्ट्रॅडल डेल्टा शून्य ठेवून जो झोपला, त्याचं काय झालं असेल याला ब्लॅक-शोल्स लागत नाही.

आता हेजचं, म्हणजे तोट्याला कुंपण घालणाऱ्या ऑप्शनचं. मेसेजमध्ये खरं एवढंच आहे की दीर्घकाळात आयव्ही प्रत्यक्ष हालचालीपेक्षा सरासरीने थोडी जास्तच राहत आली आहे. म्हणून विकणाऱ्याला सरासरीत थोडा फायदा असतो, नाही म्हणत नाही. पण ती सरासरी हातात पडायची तर मोठा झटका येईल त्या दिवशी खातं जिवंत राहायला पाहिजे. भाच्या, 25,000 चा स्ट्रॅडल विकलास तर त्याच वेळी 25,300 चा कॉल आणि 24,700 चा पुट विकत घे. एक्सपायरीच्या आदल्या दिवशी ते थोडक्या पॉइंटांत मिळतात. दोन्ही मिळून 10 पॉइंट गेले असं धर, म्हणजे 125 पैकी हातात 115. मग निफ्टी कुठेही गेला तरी तोटा 300 वजा 115, म्हणजे 185 पॉइंट, एका लॉटला 12,025 रुपये, त्यापुढे नाही. मार्जिनही बरंच कमी लागतं. 650 रुपये कापून दिले म्हणून मेसेजवाला हसेल, हसू दे.

एफडी मोडायची नाही. पुढच्या एक्सपायरीच्या आदल्या दिवशी हीच पोझिशन कागदावर मांड, दर तासाला डेल्टा लिही आणि ती वही घेऊन रविवारी घरी ये.