जय हरी, आपला हप्ता थकला आहे

आमच्या कंपनीचा धंदा ट्रॅक्टरवर कर्ज देण्याचा, आणि दिलेलं कर्ज परत मागण्याचा. दुसऱ्या कामात आपुलकी कमी पडते आहे, असा शोध वरिष्ठांना कुठल्याशा प्रशिक्षणात लागला आणि एका सोमवारी प्रत्येकाच्या टेबलावर छापील तक्ता येऊन पडला. डावीकडे जिल्हा, उजवीकडे अभिवादन. पुणे, सातारा, सोलापूर : जय हरी. बुलडाणा, अकोला : जय गजानन. अमरावती : जय गुरुदेव. मुंबई, ठाणे : जय महाराष्ट्र. उरलेल्या महाराष्ट्राला सरसकट राम राम. तळाला सूचना होती : ‘अभिवादन हसऱ्या आवाजात करावे.’

माझ्या वाट्याला सोलापूर आलं. पंढरपूर त्याच जिल्ह्यात, म्हणजे मी थेट पांडुरंगाच्या दारात वसुलीला बसलो होतो.

पहिलाच फोन माळशिरस तालुक्यातल्या एका आजोबांना लागला. मी हसऱ्या आवाजात म्हणालो, ‘‘जय हरी!’’

पलीकडचा आवाज एकदम फुलला. ‘‘राम कृष्ण हरी, माऊली! बोला. कुठल्या दिंडीतले?’’

आता तक्त्यात एवढंच होतं. जय हरी म्हटल्यावर पुढं काय होतं, हा रकानाच नव्हता. मी म्हणालो, ‘‘नाही, मी आपल्या ट्रॅक्टरसंदर्भात...’’

‘‘ट्रॅक्टर न्हाय, ट्रक असतोय आमच्या दिंडीला सामानाचा. तुमची रथापुढं की रथामागं?’’

वारीत दिंड्यांना क्रमांक असतात आणि ते पालखीच्या रथावरून ठरतात. रथापुढची अमुक, रथामागची तमुक. एखाद्याची दिंडी सांगितली की तो कुठं चालतो, कुठं उतरतो, त्याचा फडकरी कोण, सगळं कळतं. आजोबा नुसते पत्ता विचारत होते. माझा पत्ता होता तिसरा मजला, वसुली विभाग.

‘‘मी वारी करत नाही, आजोबा.’’

‘‘माळ हाय का गळ्यात?’’

‘‘नाही.’’

‘‘आसू दे. पडंल.’’ क्षणभर थांबून त्यांनी हळूच विचारलं, ‘‘मग जय हरी कशापायी म्हणलासा?’’

‘‘हप्ता थकलाय,’’ मी म्हणालो. हसरा आवाज तोवर गेला होता.

‘‘आरं तिच्या! मग आसं म्हणा की. भरतो वद्य एकादशीला.’’

संगणकावर ‘वचन दिल्याची तारीख’ असा चौकोन असतो. त्यात वद्य एकादशी बसेना. पंचांग आमच्याकडे नव्हतं. आपुलकी आणताना ते राहून गेलं होतं.

तेव्हापासून मी हे ‘जय हरी’ कुणाच्या तोंडी शोभतं आणि कुणाच्या तोंडी टोचतं, याकडे कान लावून असतो. भक्तिभावानं ते ठरत नाही, असं माझं मत झालंय. भक्तिभाव होर्डिंगवरही पुष्कळ असतो. आषाढ जवळ आला की इच्छुक नगरसेवक विठ्ठलापेक्षा मोठा फोटो लावून ‘राम कृष्ण हरी’ म्हणतच असतात. माझी कसोटी वेगळी आहे. त्या शब्दानं खेकसता येतं का?

पालखी पुण्यात मुक्कामाला असते तेव्हा नाना पेठेत नाहीतर भवानी पेठेत जाऊन उभं राहावं. ज्ञानोबांनाच नव्हे, समोरच्या कुठल्याही अनोळखी माणसाला तिथं ‘माऊली’ म्हणतात, हे आपल्याला माहीत असतं. पण कसं म्हणतात ते ऐकावं. ‘‘माऊली, जरा सरका.’’ ‘‘ओ माऊली, पाय आवरा की, तुडवला जाल.’’ पाण्याच्या टँकरपाशी मधेच घुसणाऱ्याला मागून एक बाई ओरडली, ‘‘माऊली, डोळं फुटलं का? रांग दिसत न्हाय?’’ तो मुकाट मागं गेला. त्या ‘माऊली’त भरपूर राग होता, आणि तरी ती शिवी नव्हती. आमच्या तक्त्यातला शब्द असा वापरून बघा. ‘‘जय हरी, डोळे फुटले का?’’ नोकरी जाईल.

फोनवर निदान शब्दांवर भागतं. प्रत्यक्ष भेटीत मामला कमरेत येतो. त्याच आजोबांकडे कागदपत्रांसाठी जावं लागलं. पाठीवर लॅपटॉपची पिशवी, हातात फाइल. अंगणात शिरलो तर बुक्का लावलेले, तुळशीची माळ घातलेले सत्तरीचे आजोबा समोरून आले, ‘राम कृष्ण हरी’ म्हणाले आणि मला काही कळायच्या आत माझ्या पायांकडे वाकले.

वारकऱ्यांत हे असंच असतं. लहानमोठा, जातपात न बघता दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. त्यांच्यात ते इतकं सहज होतं की दोघंही चालता चालता वाकतात, हात पायाला, हात कपाळाला, आणि मोकळे. माझ्यासारख्याचं मात्र आधी मन आडवं येतं. आजोबांना थांबवावं तर उद्धटपणा, नुसतं उभं राहावं तर महापाप. म्हणून मी घाईघाईनं वाकलो. दोघं एकाच रेषेत वाकलो. डोक्यावर डोकं आपटलं, पाठीवरची पिशवी मानेवरून घसरून त्यांच्या टोपीवर आली आणि फाइल शेणात.

आजोबा कपाळ चोळत म्हणाले, ‘‘उजवीकडनं वाकायचं, माऊली. समोरासमोर वाकाया आपण काय एडकं हाय?’’ मग चहा झाला. निघताना मी काही न ठरवता ‘‘येतो, राम कृष्ण हरी’’ म्हणून गेलो. कपाळावर टेंगूळ असताना ते म्हणणं मुळीच अवघड गेलं नाही.

तक्त्यातली खरी खोट मात्र शेजारच्या टेबलावर उघडी पडली. सहकाऱ्यानं सातारा जिल्ह्यात फोन लावला. तो तोंड उघडायच्या आत पलीकडचा गृहस्थ म्हणाला, ‘‘जय भीम, कोण बोलतंय?’’ आमच्या बिचाऱ्यानं तक्त्याकडे बघितलं आणि वाचून दाखवलं, ‘‘जय हरी.’’ पलीकडे शांतता. कधीकाळी ज्यांना वाकून ‘जोहार मायबाप’ म्हणावं लागे, त्यांनी तो जोहार टाकून ताठ मानेनं घेतलेला हा शब्द. कामठीच्या बाबू हरदासांनी 1930च्या दशकात तो रुजवला. त्याला उत्तर एकच, ‘जय भीम’. तेही जमत नसेल तर साधा नमस्कार. दुसऱ्या देवाचं नाव पुढं करणं म्हणजे हात पुढे केलेल्याच्या हातात पत्रक ठेवणं.

म्हणून मी आता स्वतःहून ‘नमस्कार’ म्हणतो आणि पलीकडून जे येईल ते परत करतो. महानुभावांकडून ‘दंडवत प्रणाम’ आला की दंडवत प्रणाम, राम राम आला की राम राम. उसनं घेऊन लगेच फेडायचं. आमच्या ग्राहकांना हे जमलं असतं तर आमच्या विभागाची गरजच उरली नसती.

दरम्यान जय हरीची कीर्ती सोलापूर जिल्ह्यात पसरली. एका गावात तर अनोळखी नंबरवरून कुणी जय हरी म्हटलं की लोक ‘मालक रानात गेल्यात’ असं सांगून फोन ठेवायला लागले. एकानं मला स्पष्टच सांगितलं, ‘‘सायेब, तुमच्यामुळं आमच्या बुवांचा फोन उचलला न्हाई. कीर्तन हुकलं.’’

ही तक्रार मी जशीच्या तशी वर कळवली. वरिष्ठांनी ती गंभीरपणे घेतली आणि तोंडी अभिवादन बंद केलं. आता मेसेज जातो : ‘प्रिय माऊली, आपला हप्ता थकीत आहे. दंड टाळण्यासाठी त्वरित भरणा करावा.’