व्हीसीवरचा रिमांड आणि आरोपीची सही

आरोपीला तुरुंगातून कोर्टात आणायचं कशाला, स्क्रीनवर दाखवलं की झालं, असं आता सर्रास ऐकू येतं. मी फौजदारी वकिली करते आणि मी व्हीसीच्या, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगच्या, विरोधात नाही. कैदी पार्टी, म्हणजे कैद्यांना कोर्टात नेणारं पोलीस पथक, मिळाली नाही म्हणून आरोपी तारखेला आलाच नाही आणि नुसतीच पुढची तारीख पडली, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. त्यापेक्षा स्क्रीन नक्कीच बरी. साक्षीचं म्हणाल, तर मुंबईतल्या डॉ. प्रफुल्ल देसाई यांच्या खटल्यात अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष व्हीसीवर घेता येईल, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ सालीच सांगितलं. माझं म्हणणं फक्त रिमांडबद्दल, म्हणजे आरोपीला कोठडी देण्याच्या किंवा ती वाढवण्याच्या सुनावणीबद्दल आहे.

फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८७ याबाबत स्पष्ट आहे. पोलिसांना पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी हवी असेल, तर आरोपी पहिल्यांदा आणि त्यानंतर प्रत्येक वेळी न्यायाधीशांसमोर प्रत्यक्षच उभा राहिला पाहिजे. एमसीआर, म्हणजे तुरुंगातली न्यायालयीन कोठडी वाढवताना मात्र व्हीसी चालते. यामागचं कारण साधं आहे. लंगडत आलेला माणूस, सुजलेला तळहात, प्रश्न विचारल्यावर शेजारच्या हवालदाराकडे जाणारी नजर, हे समोर दिसतं. छातीपर्यंतच्या चौकटीत ते दिसत नाही.

त्याच कलमात एक स्पष्टीकरण आहे, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. आरोपीला हजर केलं होतं का, असा वाद निघाला तर ते सिद्ध कसं करायचं? प्रत्यक्ष हजर केलं असेल तर रिमांडच्या आदेशावरची आरोपीची सही. व्हीसीवर असेल तर न्यायाधीशांनी प्रमाणित केलेला आदेश. म्हणजे व्हीसीत आरोपीच्या हातचा पुरावा उरतच नाही. कोर्टाच्या रोजच्या कामाची नोंद असलेल्या रोजनाम्यात ‘आरोपी व्हीसीद्वारे हजर, एमसीआर वाढवला’ एवढी ओळ येते. त्याला ऐकू येत होतं का, खोलीत आणखी कोण होतं, त्याला काही विचारलं का, यातलं काहीच त्या ओळीत नसतं.

प्रत्यक्षात चित्र असं असतं. तुरुंगातल्या व्हीसीच्या खोलीत पाच-सहा बंदी रांगेत उभे. नाव पुकारलं की एकाने पुढे यायचं, आवाज तुटक, ‘काही तक्रार?’ ‘नाही साहेब’, की पुढचा. शिपाई मागेच उभा. आणि वकील कोर्टात, शंभर माणसांत. अशिलाला काही सांगायचं असेल तर ते सगळ्यांना ऐकू जाईल असंच सांगावं लागतं.

याचा फटका कुठे बसतो बघा. समजा, घरफोडीचा आरोपी आहे आणि पहिला रिमांड १० मार्चला झाला. अशा गुन्ह्यात साधारण ६० दिवसांत दोषारोपपत्र आलं पाहिजे. पहिला दिवस धरून ते ८ मेला संपतात. ९ मेपासून त्याला डिफॉल्ट जामिनाचा हक्क मिळतो, पण अर्ज केला तरच. ११ मेला तो व्हीसीवर येतो, ‘नाही साहेब’ म्हणतो, एमसीआर वाढतो. १३ मेला दोषारोपपत्र दाखल होतं आणि हक्क संपतो. खासगी वकील असेल तर तो दिवस मोजतो. ज्याला आपला वकील कोण हेही माहीत नाही, त्याला हे सांगणार कोण? तपासाची मुदत वाढवून मागणाऱ्या अर्जाच्या वेळी आरोपी प्रत्यक्ष किंवा व्हीसीवर हजर असला पाहिजे आणि असा अर्ज आल्याचं त्याला सांगितलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली गुजरातच्या एका प्रकरणात म्हटलंय. म्हणजे नुसता चेहरा दिसून भागत नाही, त्याला कळलं पाहिजे.

नव्या कायद्यात आणखी एक बदल आहे. १५ दिवसांचा पीसीआर आता गुन्ह्यानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागता येतो. एमसीआरमध्ये गेलेला माणूस पुन्हा पोलिसांच्या ताब्यात जाऊ शकतो. तुरुंगातून व्हीसीवर दाखवण्याची सवय लागलेल्या ठिकाणी अशा वेळी प्रत्यक्ष हजर करण्याचा आग्रह वकिलांनी धरलाच पाहिजे.

स्क्रीनने निकालावर फरक पडत नाही, असं म्हणणाऱ्यांनी शिकागोचा अनुभव बघावा. तिथल्या कुक काउंटीत १९९९ साली बहुतेक जामीन सुनावण्या टीव्हीवर सुरू झाल्या. नंतरच्या अभ्यासात दिसलं की त्या गुन्ह्यांतली जामिनाची रक्कम सरासरी ५१ टक्क्यांनी वाढली होती. प्रत्यक्ष सुनावणीच ठेवलेल्या गंभीर गुन्ह्यांत तशी वाढ नव्हती.

माझी मागणी मोठी नाही. पुकारा होण्याआधी वकील आणि आरोपीला पाच मिनिटं वेगळ्या लाइनवर बोलू द्या, तेव्हा शिपाई दाराबाहेर. रोजनाम्यात आरोपीचं उत्तर त्याच्याच शब्दांत लिहा आणि कोठडीचा कितवा दिवस आहे तेही लिहा. आणि रिमांडच्या आदेशाची प्रत तुरुंगात त्याला वाचून दाखवून त्यावर त्याची सही घ्या. ती प्रत दुसऱ्या दिवशी कोर्टात परत आली, तर कायद्यात कुठेच अडत नाही.