‘Active’ दिसली म्हणून कंपनी चोख?

“कंपनी मंत्रालयाच्या साइटवर ‘Active’ दिसतेय, अपात्र डायरेक्टरांच्या यादीत कुणाचं नाव नाही, म्हणजे कंपनी चोख. बिनधास्त उधारीवर माल द्या.”
(रबाळे-महापेच्या पुरवठादारांमध्ये फिरणारा मेसेज)

‘Active’ म्हणजे कंपनीचं नाव रजिस्टरमधून काढलेलं नाही, एवढंच. हिशेब भरलेत की नाही, ते साइटवरच्या कंपनीच्या माहितीच्या, म्हणजे मास्टर डेटाच्या, त्याच पानावर ‘Date of Balance Sheet’ समोर दिसतं, तेही फुकट.

यादीचं म्हणाल, तर ती फार उशिरा जागी होते. कंपनी कायद्याच्या कलम 164(2) नुसार कागद न भरल्याबद्दल डायरेक्टर अपात्र ठरतो तो ताळेबंद किंवा वार्षिक विवरणपत्र सलग 3 आर्थिक वर्षं भरलं नाही, तरच. समजा, रबाळ्यातल्या एका प्रायव्हेट लिमिटेडचं पान तुम्ही जून 2025 मध्ये उघडलंत आणि ताळेबंदाची तारीख 31 मार्च 2022 दिसली. वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत आणि त्यानंतर 30 दिवसांत AOC-4 हा ताळेबंदाचा फॉर्म, असा नियम आहे. म्हणजे 2022-23 चा ताळेबंद ऑक्टोबर 2023 मध्ये यायला हवा होता, 2023-24 चा ऑक्टोबर 2024 मध्ये. दोन्ही आले नाहीत. पण तिसऱ्या वर्षाची मुदत संपायची आहे, म्हणून यादी कोरी आणि कंपनी ‘Active’. तुम्ही मात्र सव्वातीन वर्षं जुन्या आकड्यांवर उधारी देणार! उशिराची फी दर फॉर्मला दिवसाला 100 रुपये. 2022-23 च्या एकट्या AOC-4 वर तोवर सुमारे 59 हजार चढलेले असतात. एवढी रक्कम साचू देणाऱ्या कंपनीचं ऑडिट तरी झालंय का, हे मी माल पाठवण्याआधी सरळ विचारेन.

पण उशीर दिसला की कंपनी बुडीत, असंही समजू नका. जानेवारी 2024 मध्ये नोंदलेल्या कंपनीला पहिलं आर्थिक वर्ष 31 मार्च 2025 पर्यंत धरता येतं आणि पहिल्या सभेला त्यापुढे 9 महिने मिळतात. तिच्या ताळेबंदाच्या तारखेची जागा रिकामी असणं हा दोष नव्हे. कधी मंत्रालय स्वतःच मुदत वाढवतं, तेही तपासावं.

खरा फरक साइटवर 100 रुपये भरून कंपनीने दाखल केलेले कागद उघडले की कळतो. ऑडिटरची सही सप्टेंबरची आणि फॉर्म मार्चमध्ये भरलेला असेल, तर बहुधा ऑफिसातली ढिलाई. सहीच मार्चची असेल, तर हिशेब वेळेत पुरे झाले नव्हते, आणि दरवर्षी असंच होत असेल तर मी उधारी देणार नाही.

आणि ‘बिनधास्त’? वेळेवर भरलेल्या ताळेबंदातही पुरवठादारांच्या थकबाकीचा वयवार तक्ता वाचा. 2021-22 पासून त्यात सूक्ष्म-लघु उद्योगांचं देणं वेगळं असतं. तिथे एक वर्षावरची, दोन वर्षांवरची रक्कम फुगत चालली असेल, तर फॉर्म कितीही वेळेवर भरलेले असोत, तुमचं बिलही त्याच रकान्यात जाऊन बसायची शक्यता मोठी आहे.