आत्या, ते फॉरवर्ड करणं थांबव

«सत्य जाणून घ्या!! बिग बॉस मराठी 5 चा खरा विजेता अभिजीत सावंत. सगळ्या ऑनलाइन पोलमध्ये तोच पुढे होता. सूरजचं नाव विकिपीडियावर फिनाले संपायच्या आधीच टाकलं होतं, स्क्रीनशॉट बघा. एलिमिनेशन फक्त मतांवर होतं, म्हणून जो कमी वेळा नॉमिनेट होतो त्याला जास्त मतं असतात. सूरजला बक्षीससुद्धा पूर्ण दिलं नाही, फक्त 14.6 लाख. शिव ठाकरे दोनदा बिग बॉस जिंकला तेही दाबलं. सगळ्या ग्रुपवर पाठवा.»

सकाळी सव्वासहाला आत्याने हे फॅमिली ग्रुपवर टाकलं. हिने 6 ऑक्टोबर 2024 ची फिनाले सोफ्यावर बसून पाहिली होती. सूत्रसंचालक रितेश देशमुखने विजेता म्हणून सूरज चव्हाणचा हात वर केला तेव्हा पदराने डोळेही पुसले होते. आणि आता म्हणते, "अगं, पण यात पुरावा दिलाय ना!"

तर आधी त्या पुराव्याचंच बघू, कारण सगळ्यात जास्त डोकं त्याने फिरवलंय. स्क्रीनशॉट इंग्रजी विकिपीडियाच्या View history या पानाचा आहे, म्हणजे लेखात कुणी कधी काय बदललं त्याच्या यादीचा. तारीख 6 October 2024, वेळ 18:50, आणि त्यावर लाल गोल. फिनाले संध्याकाळी सहाला सुरू झाली, म्हणजे पन्नासाव्या मिनिटालाच निकाल फुटला, असा हिशोब ज्याने कुणी केला त्याने घड्याळ कुठलं आहे तेवढं बघितलं नाही. इंग्रजी विकिपीडिया लॉगिन न करता उघडलात की वेळा दिसतात त्या UTC या जागतिक प्रमाणवेळेत. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. 18:50 मध्ये साडेपाच तास मिळवा: रात्रीचे बारा वाजून वीस मिनिटं, तारीख 7 ऑक्टोबर. ट्रॉफी घेऊन झाली, फोटो काढून झाले, आत्या झोपायलाही गेली होती.

शिवाय त्या पानावर कुणीही काहीही लिहू शकतं. फिनालेच्या आठवड्यात प्रत्येकाचे चाहते आपापल्या माणसाला विजेता करून जातात आणि दुसरं कुणीतरी ते पुसतं. सहा जणांची नावं आधीच टाकून ठेवली तर त्यातलं एक खरं ठरणारच. इतिहासाच्या पानावर फक्त बरोबर आलेल्या नावाच्या ओळीला गोल केला असेल, तर त्याच्या वरच्या आणि खालच्या ओळीही मागायच्या. यापुढे असा स्क्रीनशॉट आला की दोन गोष्टी बघ: वेळेत साडेपाच तास मिळव, आणि कापलेल्या कडेला काय होतं ते विचार.

एक मात्र कबूल करते, नाइलाजाने. दर आठवड्याला शनिवार-रविवारचा जो भाग असतो त्याचं शूटिंग प्रक्षेपणाच्या आधी होतं, त्यामुळे कोण बाहेर पडलं हे नाव पुष्कळदा आधी बाहेर येतं. आणि दर आठवड्याला कुणाला नेमकी किती मतं पडली ते आकडे आपल्याला दाखवत नाहीत. संशय घ्यायला जागा आहे. पण संशय घ्यायला जागा असणं वेगळं आणि दुसराच माणूस जिंकला म्हणणं वेगळं.

पोलबद्दल फार बोलत नाही. यूट्यूबवरच्या एका चॅनेलचा पोल म्हणजे त्या चॅनेलच्या प्रेक्षकांचा कल. बारामती तालुक्यातल्या मोढव्यातल्या पोरासाठी, सूरजसाठी, ज्यांनी अ‍ॅप उघडून मत दिलं, ते त्या चॅनेलवर असतीलच असं नाही. मत मोजलं जातं ते अ‍ॅपवरचं. बाकी सगळं नाक्यावरच्या गप्पा.

आता नियम. इथे फॉरवर्ड लिहिणाऱ्याने खेळच उलटा समजून घेतलाय. बाहेर जायच्या यादीत नॉमिनेट प्रेक्षक करत नाहीत, घरातले करतात. ज्याचं कुणाशी वाकडं नाही किंवा जो कॅप्टन होऊन सुरक्षित झालाय, तो त्या आठवड्यात प्रेक्षकांसमोर मतासाठी येतच नाही. त्याला शून्य मतं पडली की लाख, हे कळायचा मार्गच नाही. उलट जो दर आठवड्याला नॉमिनेट होऊन वाचतो, त्याची मतं प्रत्येक वेळी सिद्ध झालेली असतात. आणि मागच्या आठवड्याची मतं पुढे जमा होत नाहीत, दर वेळी पाटी कोरी.

«फक्त मतांवर» हेही चूक. हिंदीच्या सोळाव्या सीझनमध्ये अंकित गुप्ता घरातल्यांच्या निर्णयाने गेला. निमृत कौर अहलुवालियाला फिनालेच्या आठवड्यात घरात आणलेल्या प्रेक्षकांच्या मतदानाने जावं लागलं. आणि सतरावा सीझन तर आत्याला पाठ असायला हवा, कारण आपली अंकिता लोखंडे त्यात होती. अभिषेक कुमारने समर्थ जुरेलला थोबाडीत मारली. कॅप्टन अंकिता, निर्णय तिच्या हातात, तिने अभिषेकला बाहेर काढलं. मग वीकेंडला सलमानने त्याला परत आणलं. 28 जानेवारी 2024 च्या फिनालेला मुनव्वर फारुकी जिंकला आणि उपविजेता कोण? अभिषेक. ज्याला एकदा बाहेर काढलं होतं तोच शेवटच्या दोघांत उभा होता. फॉरवर्डच्या नियमात हा माणूस कुठे बसवायचा?

बक्षिसाचं: रक्कम कमी होणं या खेळात नवीन नाही. हिंदीच्या चौदाव्या सीझनमध्ये 50 लाख होते, राखी सावंत फिनालेत 14 लाख घेऊन बाहेर पडली, रुबिना दिलैकला 36 मिळाले. म्हणून कुणी राखीला विजेती म्हणालं नाही. सूरजच्या वेळीही जान्हवी किल्लेकर 9 लाखांची बॅग घेऊन निघालीच की. 14.6 लाख हा जाहीर केलेला आकडा आहे, दंड नाही.

राहिला शिव. अमरावतीचा शिव ठाकरे 2019 मध्ये मराठीचा दुसरा सीझन जिंकला. हिंदीच्या सोळाव्यात, फेब्रुवारी 2023 ला, तो दुसरा आला. जिंकला पुण्याचा एमसी स्टॅन. दोन्हींचं नाव बिग बॉस, म्हणून दोनदा.

यावरून घरात वाद होतात त्याचं मूळ एकच आहे: लोक वर्ष सांगतात, सीझन सांगत नाहीत. परवा काका म्हणाले 2020 चा विजेता सिद्धार्थ शुक्ला, आणि चुलत बहीण म्हणाली रुबिना. दोघंही आपापल्या जागी बरोबर. तेराव्याचा निकाल 15 फेब्रुवारी 2020 ला लागला, चौदावा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुरू झाला आणि 2021 च्या फेब्रुवारीत संपला. मराठीचा चौथा तसाच: सुरू 2022 मध्ये, अक्षय केळकर जिंकला 8 जानेवारी 2023 ला. त्यामुळे वाद सुरू झाला की मी आधी भाषा विचारते, मग सीझनचा आकडा, आणि ओटीटीचा असेल तर तसं सांगा म्हणते. निम्मी भांडणं तिथेच विझतात. उरलेल्यांसाठी फिनालेचा भाग उघडायचा आणि हात कुणाचा वर गेला तेवढं बघायचं.

हे सगळं ग्रुपवर टाकल्यावर बराच वेळ आत्या typing दिसत होती. शेवटी आलं: "बरं. पण अभिजीत काहीतरी जिंकला होता ना गं?"

हो आत्या, इंडियन आयडॉलचा पहिला सीझन. सुरू झाला 2004 मध्ये, जिंकला 5 मार्च 2005 ला. आता काकांना वर्ष विचारू नकोस.