मटणाच्या मांडीला ‘किलोमागे एक तास’ हा हिशोब चालत नाही

“अख्खी मांडी ओव्हनमध्ये भाजणं एकदम सोपं आहे. आधी २२० डिग्रीवर १५ मिनिटं ठेवा, म्हणजे रस आतच बंद होतो. मग १८० वर किलोमागे एक तास. हाडासकट असेल तर काळजीच नको, हाड तापतं आणि आतूनही शिजवतं. मटण कोवळं असो की जून, हिशोब हाच. बाहेर काढलं की गरमागरम कापा, थांबलात तर कोरडं पडतं.”

असा सल्ला तुम्हीही ऐकला असेल, पण तो जवळजवळ पूर्ण चुकीचा आहे. आधी किलोचा हिशोब बघू, कारण मांडी बिघडते ती मुख्यतः त्यानेच. उष्णता बाहेरून आत जाते, म्हणून वेळ ठरते ती मांडीच्या सगळ्यात जाड भागाच्या जाडीवर. अडीच किलोची एखादी मांडी लांब आणि सडपातळ असते, दुसरी तेवढ्याच वजनाची पण आखूड आणि गुबगुबीत. दुसरीला स्पष्ट जास्त वेळ लागतो. त्यात घरच्या ओव्हनची कळ १८० दाखवत असली तरी आत दहा-वीस डिग्री इकडेतिकडे असणं अगदी नेहमीचं. म्हणून घड्याळावरून फक्त अंदाज घ्यायचा आणि निर्णय मांसाच्या आत खुपसलेल्या थर्मामीटरवर सोडायचा.

कोवळ्या कोकराची २.२ किलोची मांडी मी कशी करते ते सांगते. आदल्या रात्री २२ ग्रॅम मीठ चोळून ती उघडीच फ्रिजमध्ये ठेवते, त्याने वरचा भाग सुकतो आणि रंग चांगला येतो. दुसऱ्या दिवशी ट्रेवर जाळी, जाळीवर मांडी आणि पंखा न लावता ओव्हन १६० वर. पहिला तास आतला आकडा रेंगाळतो, जेमतेम तिशीच्या वर येतो. पुढे मात्र तो भराभर चढतो, म्हणून तासाभरानंतर दर दहा मिनिटांनी बघावं लागतं. साधारण शंभर मिनिटांनी ५४ दिसलं की मी ती बाहेर काढते. हीच मांडी ‘किलोमागे तास’ धरून १८० वर सव्वादोन तास राहिली असती, तर आत पंचाहत्तरच्या पुढे गेली असती.

आणि नेमका तोच टप्पा सगळ्यात वाईट, हे ‘कोवळं असो की जून’ म्हणणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. साठीच्या पुढे मांसाचे धागे आकसायला लागतात आणि पाणी बाहेर पिळून काढतात. सत्तरीत ते बरंच निघून गेलेलं असतं. धाग्यांना बांधून ठेवणारे पांढरे चिवट पापुद्रे मात्र त्या वेळी विरघळायला नुकतेच लागलेले असतात आणि त्यांना अजून तासन्‌तास हवे असतात. म्हणजे मधे थांबलं की रस गेलेला आणि चिवटपणा तसाच. कोकरात हे पापुद्रे नाजूक असतात, म्हणून ते ५७ ते ६२ मध्ये गुलाबी असतानाच छान लागतं. जून मेंढीचे पापुद्रे वयानुसार घट्ट झालेले असतात. त्या मटणाला गुलाबी ठेवलं तर ते चावून चावून जबडा दुखतो.

जून मांडीची वाट पूर्ण वेगळी. खोलगट भांड्यात मांडी, तळाला कपभर पाणी, वर फॉइल अगदी घट्ट आणि ओव्हन १५० वर. एवढ्याच वजनाला चार-पाच तास लागतात, आणि आतला आकडा नव्वदीच्या आसपास पोचावा लागतो. इथे आकड्यापेक्षा हात जास्त खरं सांगतो. नळीचं बाहेर आलेलं टोक फडक्याने धरून फिरवून बघा: ते सैल हललं आणि मांस त्याच्यापासून मागे सरकलेलं दिसलं, तर झालं. सुई शिरताना कुठेही अडत असेल तर परत झाका आणि अर्धा तास द्या. शेवटची वीस मिनिटं फॉइल काढून ओव्हन २२० केला की वरून खरपूस होतं.

हाडाबद्दलची समजूत उलटी आहे. हाड बाहेरून घट्ट असलं तरी आत जाळीदार असतं आणि नळीत मगज भरलेला असतो. ते धातूच्या सळीसारखी उष्णता आत पोचवत नाही. शिवाय ते मांडीच्या मध्याजवळ असतं, म्हणून त्याला लागून असलेलं मांस सगळ्यात शेवटी शिजतं. भाजलेली मांडी कापा, लाली कुठे उरलीय ते बघा: हाडालगतच असते. थर्मामीटर लावताना याचा फार त्रास होतो. टोक हाडाला टेकलं की मांसाचं तापमान कळतच नाही. एकदा मला ६१ दिसलं, मी खूश झाले, सहज म्हणून सुई दोन बोटं बाजूला घेतली तर आकडा ४९! तेव्हापासून मी जाड भागात तीन ठिकाणी बघते आणि सगळ्यात कमी आकडा खरा धरते.

रस ‘बंद’ होण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञामुळे पसरली, आणि ती चुकीची ठरली आहे. भाजलेला थर पाणी अडवत नाही. तव्यावर मांस चरचरतं तो आवाजच बाहेर येणाऱ्या पाण्याचा असतो. जास्त आचेने रंग आणि चव मिळते, आणि त्यासाठी ती जरूर द्यावी. पण ती शेवटी दिली तरी चालते.

आता थांबण्याबद्दल. माझी ती ५४ वर काढलेली मांडी ओट्यावर शिजतच राहते, कारण बाहेरचा थर आतल्यापेक्षा खूप गरम असतो आणि ती उष्णता आत सरकत राहते. पंचवीस मिनिटांत आकडा ५९-६० वर जातो, मग उतरू लागतो. १८० च्या ओव्हनमधून काढली तर ही चढ आणखी मोठी असते. म्हणजे हव्या त्या आकड्यावर बाहेर काढलं, तर खाताना तो ओलांडलेला असतो. दुसरं म्हणजे, मांस थोडं निवलं की आतला रस दाटसर होतो आणि कापताना फळीवर वाहत नाही. गरमागरम कापलेल्या मांडीखाली जे तळं साचतं, तोच तुमचा रस. वीस-तीस मिनिटांत एवढी मोठी मांडी गार होत नाही. वर फॉइल सैल टाका, घट्ट गुंडाळलं तर वाफेने खरपूस थर मऊ पडतो.

एक गोष्ट सुरक्षिततेची. अख्ख्या मांडीत जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात. लसूण भरायला खोल चिरा दिल्या की ते आत जातात. अमेरिकेच्या कृषी खात्याची मर्यादा ६३ डिग्री आणि वर तीन मिनिटं विसावा अशी आहे. खाणाऱ्यांत गरोदर बाई, लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर गुलाबीचा नाद सोडा आणि कोकराचीही मांडी झाकून, सावकाश, पूर्ण शिजवा.

कापताना नळीचं टोक फडक्याने धरा आणि धाग्यांना आडव्या, हाडापर्यंत जाणाऱ्या पातळ चकत्या पाडा. सगळ्या पाडून झाल्या की सुरी आडवी धरून हाडाला लागून एकदा फिरवा, चकत्या एकदम सुट्या होतात.