परिपत्रकातला तथापि

पालकसभेत "हे परिपत्रक कुणालाच कळलं नाही" असं म्हणण्याची शिक्षा म्हणजे ते पुन्हा लिहून देणं. मी म्हणाले, मोठ्या बाईंनी हसून कागद माझ्याकडे सरकवला, "मग तुम्हीच द्या की लिहून!" बाकीच्या पालकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांच्या गळ्यात काम पडत नाही, त्यांच्या टाळ्या नेहमीच जास्त खणखणीत असतात.

७ डिसेंबर २०२६ची तारीख घातलेला तो कागद असा होता :

"सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, इयत्ता पाचवी ते सातवीची सहल पुढील शुक्रवारी दि. १९ रोजी आयोजित करण्यात आली असून, इच्छुकांनी संमतिपत्र सहलीच्या दोन दिवस अगोदरपर्यंत सादर करावे. विलंबाने आलेल्या संमतिपत्रांचा विचार केला जाणार नाही. तथापि अपरिहार्य कारणास्तव विचार करण्यात येईल. विद्यार्थ्यांना वेळेवर आणण्याची व नेण्याची व्यवस्था करण्यात यावी. आवश्यक ती औषधे सोबत देण्यात यावीत. सदर सूचनेचे काटेकोर पालन व्हावे."

काटेकोर पालन करायला आम्ही सगळे एका पायावर तयार होतो. पण १९ तारखेला शनिवार होता. त्यावरून पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडले होते, वारवाले आणि तारीखवाले. वारवाल्यांतही "पुढील म्हणजे ११चा" आणि "पुढील म्हणजे १८चा" अशी फूट होतीच. त्यात ते "दोन दिवस अगोदरपर्यंत". सहल १८ला धरली तर संमतिपत्र १६ला द्यायचं. मध्ये पूर्ण दोन दिवस मोकळे हवेत असं मानणाऱ्या काटेकोर मंडळींच्या मते १५ला. आणि सहल १९ला धरणाऱ्यांच्या हिशेबाने १७ला. ११वाले तर नववीच्या भूमितीसारखे वेगळेच काहीतरी सिद्ध करत होते.

मी आधी ऑफिसातल्या काकांना गाठलं. वार आणि तारीख जुळत का नाहीत, विचारलं. त्यांनी शांतपणे मागच्या वर्षीची फाइल उघडून दाखवली. २०२५ साली १९ डिसेंबरला शुक्रवार होता. या एका वर्षात तारीख एक वार पुढे सरकली, परिपत्रक मात्र जसंच्या तसं पुढच्या वर्षात आलं होतं. "मग वारच काढून टाकू का?" काकांनी विचारलं. नको, काका! वार होता म्हणून तर चूक पकडली गेली. नुसतं "दि. १९" छापलं असतं, तर शनिवारी सकाळी सगळी मुलं पाठीवर पिशव्या घेऊन फाटकाशी उभी दिसली असती. दोन्ही लिहायचं, महिन्याचं नाव अक्षरात लिहायचं, आणि छापण्याआधी कॅलेंडर उघडून बघायचं. "पुढील", "येत्या", "दोन दिवस अगोदर" यांना मात्र पूर्ण रजा. हिशेब शाळेने एकदाच करावा आणि उत्तर छापावं. शेकडो घरांनी तो वेगवेगळा करू नये.

तारखांचं काम एवढ्यात उरकलं. जबाबदाऱ्यांना हात घातला आणि फसले.

"औषधे सोबत देण्यात यावीत." कुणी द्यावीत, कुणाकडे द्यावीत, आणि मुलाला ती वेळेवर कुणी द्यावीत? मला वाटलं, वाक्याचा कर्ता हरवलाय, शोधून जागेवर बसवला की झालं. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "औषधं खेळाचे सर बघतात." खेळाचे सर म्हणाले, "छे, मी फक्त मुलं मोजतो." मोठ्या बाई म्हणाल्या, "ते पालकांनीच बघायचं असतं." पालक तर घरी असणार! तेव्हा उलगडा झाला. कर्ता हरवला नव्हता, तो कधी ठरलाच नव्हता. शाळेत जे ठरलेलं नसतं, ते "करण्यात यावे" या गोधडीखाली वर्षानुवर्षं सुखाने झोपलेलं असतं. मी भाषा सुधारायला आले होते, आणि स्टाफरूममध्ये माझ्यामुळे एक मीटिंग भरली. त्याबद्दल खेळाचे सर अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

बस उशिरा आली तर पालकांना कोण कळवणार, यावर मीटिंगमध्ये बराच वेळ सगळे खिडकीबाहेर बघत होते. शेवटी वर्गशिक्षिका "मी" म्हणाल्या. संमतिपत्र आलंच नाही तर मूल येणार समजायचं की नाही, हेही तेव्हाच ठरलं.

आणखी एक गंमत. संमतिपत्र कागदाच्या तळाशी होतं. तुटक रेषेवर फाडून शाळेत द्यायचं. बस सुटण्याची वेळ नेमकी त्या रेषेखाली छापलेली! म्हणजे जो पालक सर्वात आधी सही करून चिठ्ठी देणार, त्याच्याच घरी वेळेचा पत्ता नाही. रेषेच्या वर घरी राहणारं सगळं, खाली फक्त शाळेला हवं ते, अशी मी वाटणी केली. मागची बाजू कोरी ठेवली.

शेवटी कागद असा झाला :

"पाचवी ते सातवीची सहल शुक्रवार, १८ डिसेंबर २०२६ रोजी आहे. मुलाला पाठवायचं असेल तर आई, वडील किंवा पालक यांपैकी एकाने खालच्या संमतिपत्रावर सही करावी आणि ते बुधवार, १६ डिसेंबरला दुपारी ४ वाजायच्या आत ऑफिसात पोचवावं. त्यानंतर संमतिपत्र घेतलं जाणार नाही. ते आलं नाही तर मूल सहलीला येणार नाही असं समजू. शाळा फोन करणार नाही. पालकांनी मुलाला सकाळी ६:४५ला फाटकाशी आणावं. बस ७ वाजता सुटेल. औषध असेल तर पाकिटावर मुलाचं नाव, वर्ग आणि औषधाची वेळ लिहून ते बसजवळ वर्गशिक्षिकांच्या हातात द्यावं. औषध त्या देतील. बस संध्याकाळी ६ वाजता परत येईल. उशीर होणार असेल तर वर्गशिक्षिका ५ वाजता पालकांना मेसेज करतील. मुलाला न्यायला कोण येणार, त्यांचं नाव संमतिपत्रावर लिहावं."

छापण्याआधी मी तो फाटकाशी नातवाची वाट बघत बसलेल्या एका आजोबांना वाचायला दिला. "कळलं का?" असं विचारलं नाही, त्याला सगळे हो म्हणतात. कागद परत घेतला आणि विचारलं, "आजोबा, चिठ्ठी कधी द्यायची? औषध कुणाकडे?" त्यांनी दोन्ही बिनचूक सांगितलं. मग म्हणाले, "सही मी केली तर चालेल का?" मूळ मसुद्यात नुसतंच "सही करावी" होतं. "आई, वडील किंवा पालक" हे त्यानंतर आलं. आजोबांना मात्र ती दुरुस्ती आवडली नाही.

मोठ्या बाईंनी वाचलं आणि चेहरा उतरला. "छान आहे हो, पण परिपत्रकासारखं वाटत नाही. एखादं 'सदर' तरी?" बरीच घासाघीस होऊन "कळविण्यात येते की" तेवढं वर चिकटलं. त्याने कुणाची बस चुकत नाही, म्हणून मी सोडून दिलं.

गुरुवारी सकाळी मी ऑफिसात होते. एक वडील धावत संमतिपत्र घेऊन आले. काकांनी न बोलता "बुधवार, १६ डिसेंबर"वर बोट ठेवलं. त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला, उलटून कोरी बाजूही बघितली.

"काका, दरवर्षी यात एक 'तथापि' असतो ना?"

"काढलाय," काका म्हणाले आणि मान माझ्याकडे वळवली. "या मॅडमनी."